विषय: प्रवेश शुल्क ₹18,450 खात्यातून वजा, पोर्टलवर मात्र Unpaid – रक्कम जमा झाल्याची खात्री करून पावती मिळणेबाबत

प्रति,
मा. वित्त व लेखा अधिकारी,
वित्त व लेखा विभाग (शुल्क कक्ष),
कोल्हापूर

महोदय/महोदया,

मी एम.एस्सी. भाग 2, रसायनशास्त्र या वर्गाची विद्यार्थिनी आहे. यंदाचे प्रवेश शुल्क 18,450 रुपये मी 8 जुलै 2025 रोजी विद्यापीठाच्या पोर्टलवरून यूपीआयने भरले. पैसे लगेच खात्यातून गेले, पण आज आठवडा झाला तरी पोर्टलवर Unpaid असेच दिसते आणि पावती निघत नाही. ही रक्कम आपल्याकडे जमा आहे का ते तपासून पोर्टलवरची नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.

शोधायला सोपे जावे म्हणून तपशील एकत्र देते:

पीआरएन: 2024038157
पोर्टलवरील ऑर्डर आयडी: FEE25-0047316
यूटीआर क्रमांक: 518973046218
दिनांक व वेळ: 8 जुलै 2025, सायंकाळी 7.42
खातेदार: दत्तात्रय पाटील (माझे वडील)

खाते वडिलांच्या नावाचे असल्यामुळे माझ्या नावाने शोधल्यास नोंद कदाचित सापडणार नाही. कृपया यूटीआरवरूनच पाहावे.

त्या संध्याकाळी गावात पाऊस होता, लाईटही गेली होती. वडिलांनी त्यांच्या फोनवर पिन टाकला, बँकेचा मेसेज आला, पण माझ्या फोनवर पोर्टलचे पान नुसते फिरत राहिले. ‘बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका’ असे त्यावर लिहिलेले, म्हणून वीसेक मिनिटे फोनला हातही लावला नाही. शेवटी आपोआप लॉगआउट झाले आणि पुन्हा आत गेल्यावर Unpaid दिसले.

एक गोष्ट माझ्या हातून झाली, ती सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसते ते पाहायला मी Pay Now दाबले. त्यामुळे FEE25-0047902 हा दुसरा ऑर्डर आयडी तयार झाला. त्यावर एक रुपयाही भरलेला नाही. पोर्टल आता बहुधा हाच नवा आयडी दाखवत असावे, म्हणून तपासताना पहिला आयडी धरावा.

काल, 14 तारखेला, आम्ही बँकेत जाऊन आलो. त्यांच्याकडे हा व्यवहार SUCCESS आहे आणि रक्कम परत आलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने पैसे गेले आणि घेणाऱ्याकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. ती मुदत 13 तारखेला संपली. म्हणजे पैसे पेमेंट गेटवेकडे तरी अडकलेत किंवा आपल्या खात्यात येऊन माझ्या नावाला जोडायचे तरी राहिलेत. गेटवेकडून आलेल्या 9 आणि 10 जुलैच्या सेटलमेंटमध्ये हा यूटीआर पाहिला तर उलगडा होईल असे वाटते.

फोनवर मला ‘सध्या परत भरा, आधीचे नंतर बघू’ असे सांगण्यात आले. ते आम्हाला जमण्यासारखे नाही. घरात दर दहा दिवसांनी दूधबिल येते, त्यातून बाजूला काढत काढत ही रक्कम उभी केली होती. शिवाय दोनदा भरलेले परत मिळवायला पुन्हा वेगळा अर्ज आलाच.

शुल्क भरण्याची शेवटची तारीख 18 जुलै आहे. तोपर्यंत तपासणी झाली नाही, तर माझे शुल्क पडताळणीत असल्याचे या ई-मेलला उत्तर म्हणून कळवावे आणि विलंब शुल्क लावू नये, कारण पैसे मुदतीच्या दहा दिवस आधीच भरलेले आहेत. आणि रक्कम आपल्याकडे आलीच नसेल, तर तेही लेखी द्यावे. ते हातात असल्याशिवाय बँकेत तक्रार पुढे सरकत नाही.

मी गुरुवारी, 17 तारखेला, गारगोटीहून कोल्हापूरला येणार आहे. शिक्क्याचे मूळ स्टेटमेंट घेऊन सकाळी अकराच्या सुमारास आपल्या कक्षात येईन. कोणत्या खिडकीवर कोणाला भेटायचे, तेवढे आधी कळले तर बरे होईल. गावात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे फोनऐवजी ई-मेलवरच उत्तर द्यावे.

सोबत: बँकेचे शिक्क्याचे स्टेटमेंट (statement_july2025.pdf), यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट (upi_success.jpg) आणि आज सकाळचा पोर्टलचा स्क्रीनशॉट (portal_unpaid.jpg).

आपली विश्वासू,
स्नेहल दत्तात्रय पाटील
एम.एस्सी. भाग 2 (रसायनशास्त्र)
मु. पो. गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर
15 जुलै 2025