आजींना शेवटच्या दिवसांत घरी सांभाळताना

आजींचा फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. आता तो बरा होणार नाही, पण त्यांचा त्रास कमी करणं घरीही जमतं. हा कागद खाटेजवळ ठेवा. रात्री जागणाऱ्यानेही वाचावा.

मॉर्फिन दर चार तासांनी, घड्याळ बघून द्या. दुखायला लागेपर्यंत थांबू नका. मध्येच कळ आली तर फाइलमध्ये लिहिलेला जादा डोस द्या. याने माणूस लवकर जातो असं कोणी सांगेल. सांगितलेल्या मात्रेत दिलं तर तसं होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध चुकवू नका. गिळता येईनासं झालं तर गोळी तोंडात कोंबू नका, आम्हाला कळवा.

धाप लागली की उशा लावून बसतं करा, खिडकी उघडा, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. दर दोन तासांनी कूस बदला. पाठ, माकडहाड, टाचा लाल झाल्यात का बघा.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो खाण्यावरून. "दोन घास तरी घ्या," असा आग्रह होतो आणि आजी तोंड फिरवतात. त्या उपाशी आहेत म्हणून जात नाहीयेत. शरीर थांबत चाललंय म्हणून भूक गेली आहे. मागतील तेवढंच, चमचाभर पेज किंवा सरबत, पूर्ण जागेपणी आणि बसवून द्या. पाहुणे "सलाईन तरी लावा" म्हणतील. या अवस्थेत त्याने ताकद येत नाही. उलट अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. तोंड ओल्या मऊ कापडाने वरचेवर पुसा, ओठांना तूप लावा. शुद्ध नसताना तोंडात गंगाजल ओतू नका, ठसका लागेल. तुळशीचं पान बुडवून ओठांना लावलं तरी पुरे.

शेवटच्या एक-दोन दिवसांत झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट डाग दिसतात. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घशातली घरघर ऐकवत नाही, पण त्या बेशुद्धीत असताना ती बहुधा त्यांना जाणवत नसते, कुशीवर वळवा. काही जण गेलेल्या माणसांशी बोलतात. वाद घालू नका. हात धरा, नातवंडांना जवळ येऊ द्या. उत्तर आलं नाही तरी बोलत राहा, बहुधा ऐकू येत असतं.

जादा डोसनेही न थांबणारं दुखणं, रक्तस्राव, झटके किंवा अनावर तगमग झाली तर रात्री-अपरात्रीही फाइलवरच्या नंबरवर फोन करा. 108 बोलावण्याआधी आम्हाला विचारा, नाहीतर आजींना नको असलेली दवाखान्याची धावपळ होईल.

श्वास थांबल्यावर घाई नाही. जवळ बसा. मग डॉक्टरांना बोलवा, मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या आणि 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा.