ऊस डोंगा परी… : नववीच्या मुलांसाठी ओळीओळीने

आषाढीच्या कार्यक्रमात हा अभंग म्हणण्याआधी त्याचा कर्ता लक्षात ठेव. चौदाव्या शतकातले चोखोबा, मंगळवेढ्याचे. जातीने महार, म्हणून विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी. हे विसरलं की अभंगाचा गुळगुळीत सुविचार होतो.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. मग वरच्या रंगाला काय भुललास? चाखलं की लगेच पटतं, म्हणून सुरुवात उसापासून.

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।

कमान म्हणजे धनुष्य. इथे अर्थ एक पायरी वर चढतो. धनुष्य वाकल्याशिवाय तीर सरळ सुटतच नाही. म्हणजे ज्याला तू खोट म्हणतोस, त्याच्याच जोरावर काम होतं.

नदी डोंगी परी जळ नव्हे डोंगे ।

वळणं नदीच्या पात्राला, पाण्याला नाहीत. ओंजळीत घेतलेलं पाणी कुठल्या वळणावरचं ते ओळखून दाखव.

चोखा डोंगा परी भाव नव्हे डोंगा ।

इथे घाई करू नकोस. रस चाखता येतो, तीर दिसतो, पाणी हाताला लागतं. भाव मात्र कुणालाच दाखवता येत नाही. म्हणून चोखोबा आधी तीन पुरावे देतात आणि मग स्वतःला पुढे करतात.

‘ते स्वतःला वाकडे का म्हणवून घेतात?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते ही कबुली नाही. लोक त्यांना ज्या नजरेने बघत, तोच शब्द ते उचलतात आणि बघणाऱ्यावरच उलटवतात. ‘काय भुललासी’ हा सवाल कडव्यागणिक येतो. पहिल्यांदा तो ऊस बघणाऱ्याला आहे, शेवटी देवळाच्या दारात अडवणाऱ्याला. ‘हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा’ असं विचारणारेही हेच चोखोबा. ती वेदना इथे ऐकू आली नाही, तर ‘दिसण्यावर जाऊ नये’ एवढाच अर्थ हाती लागतो. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, आडनावावरून वर्गात कुणाला जोखलं जातं तिथे हा सवाल तुलाही लागू आहे.

चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. ते देऊळ दलितांना खुलं झालं 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

म्हणताना एक सांभाळ. ओळीच्या दोन्ही भागांत सहा-सहा अक्षरं आहेत (जोडाक्षर एकच धरायचं), फक्त ‘कमान डोंगी परी’त सात भरतात. तिथे ‘कमान’ किंचित जलद घे, नाहीतर टाळ चुकतो. ‘परी’नंतर अगदी थोडं थांब. आणि पालुपद चारही वेळा एकाच सुरात नको: पहिल्यांदा साधं विचार, चौथ्यांदा समोर बघून.