फायनलच्या पोटात

गिरणगावातल्या खाणावळींवरच्या प्रबंधाच्या सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता मृणालने लॅपटॉपवरचा `final` उघडला. आत `final` होता. तो उघडला, आत आणखी एक. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आजी भांडी लावत होती. तीही पातेल्यात पातेलं, त्यात टोप, टोपात वाटी अशीच लावते. पण वाटी कुठे आहे हे आजीला नेमकं ठाऊक असतं.

"अजून उघडतेयसच का गं? दार आहे की भुयार?"

"सापडेल, आजी."

सहा वर्षांत हे भुयार कसं खणलं गेलं, हे मृणालला आता नीट आठवतही नव्हतं. सुरुवातीला एकच फोल्डर होता. मग गाइड मॅडम म्हणाल्या, जुनं काही टाकून देऊ नकोस. तेव्हापासून मॅडमच्या दुरुस्त्या आल्या की ती नवा `final` करायची आणि जुनी सगळी चळत उचलून त्यात टाकायची. एकेकाळी खाणावळ चालवलेल्या आजीच्या दुरुस्त्यांचं मात्र उलट. त्या घरातल्या, म्हणून सगळ्यात आत नवा `final` करून त्यात ठेवायच्या. मॅडम बाहेरून वाढत गेल्या, आजी आतून. मधे मृणाल.

तिने पाथ कॉपी करून पाहिला.

```
C:\Users\Mrunal\Desktop\final\final\final\final\final\...
```

मोजले. एकतीस.

सगळ्यात आतली फाइल उघडेचना. `Girangaonatil_Khanavali_Prakaran_4_Sudharit_Aaji_Comments.docx` एवढं लांबलचक नाव तिनेच दिलेलं, वर एकतीस फायनल. विंडोजला साधारण २६० अक्षरांपुढचा पत्ता झेपत नाही. बाहेरून नवा फोल्डर चढवताना मशीन काही बोलत नाही, कारण तेव्हा आतल्या पत्त्यांची लांबी ते मोजतच नाही. उघडायची वेळ आली की मग हात वर करतं.

तारखा बघून काही कळेल तर तेही नाही. जुनी फाइल नुसती चाळायला उघडली तरी एखादं अक्षर इकडचं तिकडे व्हायचं आणि तिचं बोट आपोआप `Ctrl+S` वर जायचं, त्यामुळे २०१९ चा मसुदा परवाच्या मंगळवारचा म्हणून मिरवत होता.

उपाय साधा निघाला आणि सहा वर्षांत सुचला नाही याचा तिला राग आला. बाहेरून एकेक फोल्डरचं नाव बदलायचं. `1`, `2`, `3`. पाच अक्षरांच्या जागी एक, फार तर दोन. विसाव्या फोल्डरपर्यंत पोचली तेव्हा आतली फाइल गुमान उघडली. तरी ती एकतिसापर्यंत गेली. आता हजेरी घ्यायचीच होती.

चौथ्यात मॅडमची लाल टीप : "'खाणावळवाल्या स्त्रिया' म्हणजे कोण? त्या काय म्हणवून घेत?" अकराव्यात लॉकडाउनमधलं एक पान, नुसतं "ग्रंथालय बंद" असं लिहिलेलं. तेराव्यात प्रस्तावनेची इतकी अलंकारिक आवृत्ती की तिला घाम फुटला. गिरणीच्या भोंग्याला तिने चक्क कोकिळेची उपमा दिली होती.

एकतिसाव्यात आजी.

आधीच्या मसुद्यात मृणालने लिहिलं होतं, खाणावळीत चपाती-भाजी असे. आजीने ते ऐकून हातातली लसूण खाली ठेवली होती. "चपाती? पाळी काढायची असते माणसाला. भाकरी. आणि कोकणातल्यांना भात, नाहीतर उठायचेच नाहीत ताटावरून." मग पुढची दोन पानं : रातपाळीवाल्यांची ताटं कशी झाकून ठेवायची, पगार होईपर्यंत उधारी कशी चालायची, पैसे बुडवून गावी गेलेला एकजण दोन वर्षांनी तांदळाचं पोतं घेऊन कसा दारात उभा राहिला.

म्हणजे मॅडमने पास केलेला सांगाडा पहिल्यात आणि मांस एकतिसाव्यात. एकात दुसरं नाही. पहाटे चारपर्यंत तिने दोन्ही शिवलं. शिवताना एक गंमत दिसली. एकतीस आवृत्त्यांत शब्द बदलले, उपमा गेल्या, तळटीपा आल्या, पण चौथ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य सगळीकडे जसंच्या तसं होतं. मॅडमनी त्याला कधी हात लावला नव्हता आणि आजीला ते कधी वाचून दाखवलंच नव्हतं.

सकाळी बाइंडिंगवाल्या काकांकडे पाच प्रतींचं छापून झालं. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, "फायनल आहे ना? कणा चिकटला की मग सुट्टी नाही."

"फायनल, काका."

तिने आजीला फोन लावला. आनंद होता, झोप नव्हती. म्हणाली, "ऐक, तुझं शेवटचं वाक्य वाचते. 'जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही; त्या संपानेच लालबागमधली ही खाणावळही बंद पाडली.'"

फोनवर कुकरची शिट्टी ऐकू आली. एक. दुसरी.

"आजी?"

"संपानं नाही गं."

"म्हणजे?"

"संपाच्या आधीच्या दिवाळीत बंद केली मी. तुझ्या आजोबांना सांगितलं, आता नाही जमत. पंधरा वर्षं पहाटे तीनला उठत होते मी. कंटाळा आला होता."

"मग इतकी वर्षं सगळ्यांना..."

"पुढे संप झाला, सगळ्यांचंच बंद पडलं. लोक म्हणायला लागले, संपानं गेलं बिचारीचं. मी म्हटलं, असू दे. बाई कंटाळली म्हणून खाणावळ बंद झाली, असं कोणाला सांगायचं?" जरा थांबून म्हणाली, "तू छापणार आहेस म्हणून बोलले. छापलेलं खोटं बरं नाही."

मृणालने घड्याळ पाहिलं. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होते. आता पावणेबारा. मॅडमने पास केलेला पूर्ण निष्कर्ष त्या एका वाक्यावर टेकलेला नव्हता, पण एक खांब होताच. तळटीप देऊन भागलं असतं. वाचणाऱ्याने तळटीप वाचली असती का, हा प्रश्न वेगळा.

"आजी, 'कंटाळा आला' हेच लिहू? तुझ्याच शब्दांत?"

"लिही. आणि भाकऱ्या किती थापायचे तेही लिही. नाहीतर आळशी म्हणतील."

"किती थापायचीस?"

"शंभरच्या वर. दोन्ही वेळच्या मिळून. नीट आठवून सांगते, गॅस बंद करू दे."

काका ब्रशला सरस लावत होते. मृणालने काउंटरवर लॅपटॉप ठेवला, झाकण उघडलं.

"काका, कणा चिकटवू नका. चौथ्या प्रकरणाचं शेवटचं पान बदलायचंय."

काकांनी ब्रश डब्यात परत ठेवला. त्यांच्या मागच्या फळीवर अशाच अर्ध्या शिवलेल्या चार-पाच चळती होत्या, प्रत्येकीवर रबर बँड.

"एकच पान?"

"बहुतेक," मृणाल म्हणाली, आणि फोन कानाशी धरून आजीच्या गॅस बंद होण्याची वाट बघत राहिली.