वार्षिक कामगिरी मूल्यमापन: स्टोअर मॅनेजर, खानापूर शाखा

कालावधी: एप्रिल 2024 ते मार्च 2025
मूल्यमापन: एरिया मॅनेजर, बेळगाव विभाग

विक्री (5 पैकी 4): उद्दिष्ट 4.20 कोटींचे, विक्री 4.41 कोटींची. गणपतीचा रवा, गूळ, खोबरे तुम्ही तीन आठवडे आधीच मागवून ठेवले. बेळगावच्या गोदामात खडखडाट होता तेव्हा तुमच्या रॅकवर माल होता. एवढे एकच काम वर्षभराच्या कौतुकाला पुरेसे आहे.

माल तूट (3): मर्यादा 1 टक्का, तूट 1.3 टक्के. खानापूरचा पाऊस हिशेबात धरला पाहिजे. पोहे, बिस्किटे दमट होणारच, आणि खराब मालाची नोंद तुम्ही वेगळी ठेवली हे बरे केले. मात्र संध्याकाळी उशिरा येणारी गाडी न मोजता उतरवून घेतली जाते. चलनावर सही झाली की कमी आलेली पेटी आपल्याच माथी बसते.

ड्युटी तक्ता (4): भात लावणीच्या दिवसांतल्या सुट्ट्या आधी विचारून तक्ता लावला, ऐनवेळी कुणी दांडी मारली नाही. शेवटच्या बसने जाणाऱ्यांना लवकर सोडता, ते योग्यच. पण म्हणून दुकान बंद करायचे काम कायम गावातल्या त्याच दोघींवर पडते. आठवड्याचे 48 तास त्यांच्याच बाबतीत ओलांडले जातात.

तक्रारी (4): बहुतेक तक्रारी रॅकवरचा दर आणि बिलातला दर यांच्या फरकाच्या. ऑफर संपल्यावर जुनी लेबले त्याच रात्री काढा. कन्नड असो वा मराठी, गिऱ्हाइकाशी तुम्ही स्वतः बोलता, त्यामुळे वाद काउंटरवरच मिटतो.

रोकड (2): वर्षभर गल्ल्यातला फरक शून्य. चार काउंटरच्या दुकानात हे होत नाही. विचारल्यावर तुम्ही सरळ सांगितलेत की शंभर-दोनशे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भरता. तुमच्या सचोटीबद्दल शंका नाही. पण यामुळे कोणत्या काउंटरवर, कोणत्या पाळीत पैसे कमी पडतात हेच दिसत नाही आणि उद्या मोठी रक्कम गेली तर बोट तुमच्याकडे जाईल. यापुढे कमी असो वा जास्त, फरक त्याच रात्री कॅशियरसमोर मोजून, दोघांच्या सहीने रजिस्टरात लिहायचा. तिजोरीची दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये राहणार नाही.

मॅनेजरचे म्हणणे: "फरक लिहिला की कॅशियरच्या पगारातून कापतात. नवीन मुलींना ते परवडत नाही."

माझा शेरा: हरकत रास्त आहे. खुलासा न ऐकता कपात करणे कायद्यालाही धरून नाही. मुख्य कार्यालयाला मी तसे कळवले आहे. उत्तर येईपर्यंत खानापूरमध्ये कपात होणार नाही, नोंद मात्र रोज झालीच पाहिजे.

शिफारस: 8 टक्के पगारवाढ. मोठ्या शाखेवरील बढती आता नाही. सप्टेंबर 2025 अखेरपर्यंतचे रोकड रजिस्टर पाहून ठरवू.