सहा चाकं

हरिपूरहून गाडी सकाळी सातला निघाली. विमान दहा वाजून वीस मिनिटांनी होतं आणि उजळाईवाडीचा विमानतळ जेमतेम पन्नास किलोमीटरवर. तरी सुनंदाने घाई केली, कारण सामान घ्यायचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि हातकणंगल्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की काही सांगता येत नाही. डिसेंबर होता, कारखाने जोरात होते. अंकली पुलावर कृष्णेचं धुकं अजून उठलं नव्हतं.

तिचे वडील, तात्या, ड्रायव्हरशेजारी बसले होते. वय शहात्तर. एसटीत एकतीस वर्षं चालक, त्यातली तेरा सांगली–जत–विजापूर. गाडीत कुठंही बसवलं तरी त्यांचा उजवा पाय अजून ब्रेक शोधतो. नातीकडे, म्हणजे सुनंदाच्या मुलीकडे, चार दिवस हैदराबाद बघायला जायचं, तेही विमानाने, हे नातीनंच परस्पर ठरवून टाकलं होतं. नोकरीला ती तिकडंच असते. "रात्रीच्या गाडीनं गेलो असतो की," एवढंच तात्या म्हणाले होते.

सुनंदाने आदल्या रात्री त्यांची बॅग वजनकाट्यावर ठेवली. आत जाणाऱ्या सामानाला माणशी पंधरा किलो, हातातल्या पिशवीला सात. तात्यांची बॅग तेरा किलो चारशे ग्रॅम भरली, त्यात नातीसाठी दोन किलो भडंग. एक छोटं, सील केलेलं पाकीट तात्यांनी हातातल्या पिशवीत ठेवून घेतलं. आधार कार्ड मूळ घेतलं, झेरॉक्स नव्हे, आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवली, कारण ती मोठ्या बॅगेत चालत नाही. सगळं झालं. अडकित्ता मात्र कुणाच्याच ध्यानात आला नाही.

तो नेहमीप्रमाणे तात्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. सुरक्षा तपासणीत मोबाइल, किल्ल्या, पट्टा, सुटे पैसे ट्रेमध्ये काढून ठेवले तरी चौकट वाजली. जवानाने हातातलं यंत्र छातीवरून फिरवलं, ते खिशापाशी कुईं करायला लागलं. पितळी मुठीचा, पात्याला धार असलेला अडकित्ता बाहेर आला. "बाबा, हा आत नेता येत नाही." त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती. सुपारी कातरणारं पातं त्याच्या लेखी पातंच. तात्यांचा चेहरा मात्र उतरला, वस्तू त्यांच्या वडिलांची होती.

लवकर आल्याचा इथं उपयोग झाला. सामान घेणं अजून चालू होतं. सुनंदा परत काउंटरवर गेली, अडकित्ता रुमालात गुंडाळून छोट्या कापडी पिशवीत घातला आणि ती पिशवी वेगळं लेबल लावून सामानात टाकली. वजनात अजून दीड किलो जागा होतीच. अर्धा तास उशीर झाला असता तर अडकित्ता तिथंच सोडावा लागला असता.

विमानापर्यंत चालतच जायचं होतं. पंख्यांचं, लहान विमान. दार मागच्या बाजूला, दाराच्याच आतल्या अंगाला पायऱ्या. तात्या पायऱ्यांपाशी थांबले आणि वाकून पोटाखाली बघू लागले. मागची माणसं खोळंबली.

"तात्या, चला की."

"थांब. पुढं दोन, मागं चार. सहाच चाकं हैत."

"मग?"

"एसटीलाबी सहाच."

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. उजव्या अंगाचं इंजिन सुरू होतं, आवाज स्पष्ट येत होता, पण त्याचा पंखा जागच्या जागी उभा. सहाही पाती आडवी न राहता वाऱ्याला धार दाखवून वळलेली. इंजिन चालू आणि पंखा बंद म्हणजे पट्टा तुटला, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. दारात उभ्या असलेल्या हवाई सुंदरीला त्यांनी विचारलंच. मुलगी मराठी निघाली आणि तिला माहीतही होतं. म्हणाली, "आजोबा, पंख्याला ब्रेक लावलाय. जमिनीवर असताना त्या इंजिनवर फक्त लाइट आणि एसी चालतो. निघताना ब्रेक सोडतात."

"म्हंजे न्यूट्रलमधी."

"तसंच म्हणा."

जागा बारा ए, डाव्या खिडकीची. ही तात्यांनी स्वतः मागून घेतली होती. सकाळी पूर्वेला जायचं तर ऊन समोरून आणि उजवीकडून येणार, सावली डावीकडे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. विजापूर गाडीला कुठल्या बाजूला बसायचं हे ते प्रवाशांना तेरा वर्षं सांगत आले होते. शिवाय सांगली डावीकडेच दिसणार. पंख वर, छताला जोडलेला, त्यामुळे खिडकीतून खाली बघायला काही आड येत नव्हतं. थोडं पुढे, खाली डावीकडची दोन चाकं अगदी नजरेत होती. टायरवरची नक्षीसुद्धा दिसत होती. सरळ उभ्या चिरा, बस्स. एसटीच्या टायरसारखी वेडीवाकडी खाच नाही.

डावा पंखा फिरायला लागला. आधी पाती मोजता येत होती, मग येईनात, मग नुसतं करडं वर्तुळ उरलं. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, क्षणभर थांबलं. तात्यांनी मनात अंक मोजायला सुरुवात केली. पाठ सीटला दाबली गेली. पंचवीसच्या आसपास खालची खडखड एकाएकी थांबली.

चाक अजून फिरत होतं. जमीन खाली गेली तरी फिरत होतं. मग पाय दुमडला आणि दोन्ही चाकं सावकाश आत, पोटाखालच्या फुगीर कप्प्यात गेली. तात्यांनी सुनंदाचा हात धरला. भीतीने नव्हे. दाखवायला.

यानंतर जे झालं ते सुनंदा अजून सांगते, कारण आपले वडील असं बोलताना तिने कधी पाहिले नव्हते. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस खिडकीला नाक लावून एकामागून एक नावं घेत होता. हा हातकणंगले रस्ता. ही जयसिंगपूरची पेठ, बघ, चौकटीचौकटीनं आखलीय. ही अंकली, आत्ता आलो तो पूल. उसाच्या तोडलेल्या फडांचे पिवळे चौकोन, न तोडलेल्यांचे हिरवे. वीटभट्ट्यांचा धूर एकाच बाजूला कललेला. आणि मग कृष्णा. सांगलीकडून येणारी, हरिपूरला वारणा पोटात घेऊन खाली वळणारी, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते तिथं रुंद होणारी. दोन पाण्यांचे रंग थोडे वेगळे होते आणि बरंच अंतर ते शेजारी शेजारी वाहत होते.

"पन्नास वर्सं वाडीला जातोय," तात्या म्हणाले. "संगम असा असतोय व्हय."

जत भागावर जमीन तांबूस, मोकळी झाली. त्या उघड्या रानातून म्हैसाळच्या पाण्याचा कालवा पाटीवर ओढलेल्या रेघेसारखा गेलेला. रस्ते तात्या ओळखत होते, वळणांवरून. अमुक ठिकाणी ओढ्यात गाडी अडकून रात्र काढली होती, अमुक ठिकाणी स्प्रिंगचं पान तुटलं होतं. पंचविसाव्या मिनिटाला खाली विजापूर आलं. त्यांना सकाळच्या गाडीला तिथं पोचायला पाच तास लागत. एवढ्या उंचीवरून गोल घुमट दिसला की पाण्याची टाकी, यावर बापलेकीचं एकमत झालं नाही.

भडंगाचं पाकीट काढलं तर ते फुग्यासारखं टम्म. तात्यांनी ते कानाशी धरून दाबून पाहिलं. वर विमानातली हवा जमिनीपेक्षा विरळ असते, पाकिटातली मात्र सांगलीचीच, म्हणून ते फुगतं. त्यांनी ते फोडलं नाही. उतरताना काय होतं ते बघायचं म्हणून समोरच्या ट्रेवर ठेवलं. तिथंच अर्ध्या प्यालेल्या पाण्याची बाटली घट्ट झाकण लावून ठेवली. मध्ये एक नदी आली. "भीमा," ते म्हणाले आणि हात जोडले. पंढरपूरचं पाणी ते.

उतरायला लागल्यावर कानात दडे बसले. आता बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. सर्दी असेल तर हे दुखणं चांगलंच जाचतं. सुनंदाने लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या. गोळी चघळून दर थोड्या वेळाने आवंढा गिळला की नळी उघडते. तात्यांनी चघळली, जांभई दिली, कान फट्‌कन मोकळे झाले. समोर बाटलीचं पोट कुणी मुठीत दाबल्यासारखं आत गेलं होतं आणि पाकीट मरगळलं होतं. चाकं टेकली तेव्हा त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली करकचून दाबलेला होता.

हैदराबाद चांगलंच झालं. चारमिनार पाहिला. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात नातीने टाळी वाजवली ती बालाहिसारवर ऐकू येते म्हणतात, पण वर चढायला तात्यांचे गुडघे तयार नव्हते. सालारजंगमध्ये तासाचे ठोके देणाऱ्या घड्याळापुढे बाकीच्यांबरोबर उभे राहिले. इराणी चहा दोनदा प्याले. नातीने विचारलं, काय आवडलं? ते म्हणाले, "समदं." आणि मग, "जाताना जागा कुठली हाय?"

नातीने मोबाइलमध्ये पाहिलं. बारा ए.

"ती न्हाई चालायची. आता पश्चिमेला चाललोय. सांगली उजव्या हाताला येणार. एफ घे."

जागा बदलायला थोडे पैसे पडले. सुनंदा कुरकुरली, नातीने भरून टाकले.

परतीचं विमान दुपारचं होतं. तात्या बारा एफ वर बसले, चपला काढल्या, मांडी घालता येते का पाहिलं. नाही आली. भीमेला हात जोडले. वाडीवरून खाली आलो तेव्हा देवळाची पताका दिसली असं त्यांचं म्हणणं आहे. मग चाकं बाहेर आली, कप्प्यातून तिरकी, आणि सरळ उभी राहिली. जाताना त्यांना चाक टेकताना बघायचं राहून गेलं होतं, ते डोळे मिटून बसले होते. या वेळी त्यांनी पापणी हलवली नाही.

चाक फिरत नव्हतं. हवेत नुसतं लटकलेलं, निवांत. धावपट्टी खालून सुसाट पळत होती. टेकलं तेव्हा टायरखालून पांढऱ्या धुराची एक फुंकर निघाली, कारण उभ्या चाकाला एका क्षणात ताशी दीडशेच्या पुढचा वेग घ्यावा लागतो, रबर घासतं. दुसऱ्या क्षणी ते फिरत होतं. तात्यांचे दोन्ही पाय मोकळे, एकावर एक टाकलेले होते.

सामानाच्या पट्ट्यावर आधी कापडी पिशवी आली, मग बॅग. तात्यांनी अडकित्ता काढला, रुमालाने पुसला, बाकावर बसून सुपारी कातरली आणि एक खांड सुनंदापुढे धरलं.

"दोन इमानं बदलून जावं लागतं, असं एखादं गाव हाय का गं?"

"असेल की. पण तात्या, तिथं बघायला काय आहे ते तरी विचारा."

"ते तिथं गेल्यावर बघू."