विषय: प्रबंधासाठी सामाईक जीपीयू सर्व्हरवर वेळ मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख, संगणक अभियांत्रिकी

आदरणीय सर,

माझा प्रबंध मोडी हस्तलिखितांच्या संगणकीय वाचनावर आहे. मोडीत शब्द न तोडता सलग लिहितात, त्यामुळे सुटे अक्षर नव्हे, अख्खी ओळच मॉडेलला द्यावी लागते. माझ्या लॅपटॉपच्या 4 जीबी जीपीयूवर एका वेळी दोनच ओळी मावतात. एक प्रयोग चार दिवस चालतो. परवा तिसऱ्या रात्री तो मेमरी संपून बंद पडला.

1 ते 21 मार्च, रोज रात्री 10 ते सकाळी 6 एक जीपीयू मिळावा, ही नम्र विनंती. दर तासाला चेकपॉइंट साठवीन, म्हणजे कुणाला तातडी असेल तर लगेच जागा मोकळी करता येईल. मार्गदर्शकांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

आपली विद्यार्थिनी,
एम.टेक. द्वितीय वर्ष, हजेरी क्र. 14