पेटीत घालायच्या चिठ्ठीचा मजकूर जरा नीट करून दे

मावशी,

आंब्याची पहिली काढणी चार दिवसांवर आली आहे आणि यंदा प्रत्येक पेटीत एक छापील चिठ्ठी घालायची असं ठरलंय. मजकूर मी लिहिला. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, "बरा आहे, पण जरा नीट कर." नीट म्हणजे काय, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं. तू तीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेस, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. खाली जसा आहे तसाच चिकटवलाय, एक अक्षर बदललेलं नाही.

"आमच्या बागेतील देवगड हापूस घेतल्याबद्दल आपले आभार परंतु खालील सूचना वाचल्याशिवाय पेटी उघडू नये, कारण मागील वर्षी अनेक ग्राहकांनी सूचना न वाचताच तक्रारी केल्या ज्याचा आम्हास नाहक त्रास झाला आहे. आंबा चौदा आणे तयार झाला की तो देठासकट झेल्याने उतरवला जातो व कार्बाइड किंवा कोणतीही पावडर न वापरता गवतात पिकवली जाते त्यामुळे पेटीतील सर्व फळे एकाच दिवशी पिकत नाही हे ग्राहकाने समजून घ्यावे. ते हिरवे असताना फ्रीजमध्ये ठेवल्यास पिकत नाही व त्याची चव जाते त्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. पेटी आल्यावर ती उघडून ते गवतावर एका थरात लावावे व रोज बघावे आणि जे मऊ झाले ते काढून घ्यावे, त्यांना थोडा वेळ पाण्यात ठेवून मगच कापावे. सालीला सुरकुत्या पडल्या म्हणजे खराब झाला असे नसून उलट तो तेव्हा गोड असतो, तसेच देठाजवळील काळा डाग हा चिकाचा असतो. साका ही निसर्गाची गोष्ट असून ती बाहेरून दिसत नाही व कापल्यावरच समजते त्यामुळे साका निघाल्यास आम्ही फसवले असे समजू नये, फोटो पाठविल्यास तेवढ्या फळांचा विचार करण्यात येईल. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेले असून आपण खराखुरा हापूस खात आहात याची खात्री बाळगावी. कळावे लोभ असावा."

आता घरच्यांचं ऐक. बाबा ओटीवर बसून वाचत होते. अर्ध्यावर आले आणि म्हणाले, "एवढा मोठा कोण वाचतला?" त्यांना निम्मा करून हवाय. ताई म्हणते लांबीचं काही नाही, सूर वाईट आहे. पैसे मोजून आंबा घेतलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत दम भरलाय. शिवाय तिने विचारलं, चिठ्ठी पेटीच्या आत असणार, मग ती वाचल्याशिवाय पेटी उघडायची नाही म्हणजे नक्की करायचं काय? ह्यावर घरात सगळे इतके हसले की पुढचं वाचणं राहूनच गेलं. धाकट्याला व्याकरण खुपतं. "आंबा" आणि "पिकवली जाते", "फळे" आणि "पिकत नाही", एवढं तर मलाही दिसतं, ते तू डोळे मिटून दुरुस्त कर.

मला स्वतःला वाटतं, खरी अडचण अर्थाची आहे. "ते" कधी आंबे आहेत, कधी फळं, कधी एकच आंबा. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर ज्याने आयुष्यात आढी लावलेली पाहिली नाही, त्याला ह्यातून काय कळणार? "चौदा आणे तयार" आपल्याकडे शेंबडं पोरही समजतं. तिथे लोक विचारतील, उरलेले दोन आणे कुठे गेले? तो शब्द मला आवडतो, पण राहील की जाईल ते तू ठरव.

तेव्हा सूर, व्याकरण, लांबी, अर्थ, ह्यातलं जे बिघडलं असेल ते सुधार. चारही एकदम जमत नसेल तर अर्थ आधी बघ, मग सूर. लांबी शेवटी. व्याकरणाचं तुला सांगायला नकोच.

काही गोष्टी मात्र हलवू नकोस. साक्याचं वाक्य गुळमुळीत करायचं नाही. गेल्या मोसमात एका गिऱ्हाइकाने कापलेल्या फाकीचा फोटो पाठवला, आत पांढरट, स्पंजासारखा गर, आणि खाली लिहिलं, "सडका माल." तो आंबा सडका नव्हता. साका कीड नाही, बुरशीही नाही. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं, किंवा काढल्यावर तापलेल्या कातळावर उन्हात राहिलं, की त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून तर आपण चौदा आण्यांवर काढून लगेच सावलीत नेतो. तरीही एखादं फळ निघतंच, आणि वरून पिवळंधमक, वासाला अस्सल. हे गिऱ्हाइकाला रडगाणं न वाटता, आणि आपण हात झटकतोय असंही न वाटता, कसं सांगायचं, तिथे माझं घोडं अडलंय. "विचार करण्यात येईल" हे सरकारी उत्तर झालं, ते काढ. आपण पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालतो किंवा तेवढे पैसे परत देतो. सरळ तसंच लिही.

कार्बाइडबद्दलही शब्द सांभाळून. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "आम्ही ते वापरत नाही" ह्यात उपकार केल्याचा आव नको. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, काही बागायतदार तसं करतात आणि त्यात गैर काही नाही. त्यांना टोमणा बसेल असं वाक्य मला नको. आमचे आंबे गवतात पिकतात, म्हणून मागेपुढे पिकतात, एवढंच.

फ्रीजचं असं, की कच्चा हापूस बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की त्याला थंडी बाधते आणि तो नीट पिकत नाही. पिकल्यावर ठेवला तर हरकत नाही. माझ्या वाक्यात हा दुसरा भाग आलेलाच नाही. आकडा घालायची गरज नाही असं मला वाटतं, चिठ्ठी आहे, कृषी विद्यापीठाची पुस्तिका नव्हे.

मानांकनाच्या ओळीचं काय करायचं ते खरंच कळत नाही. मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांतल्या हापूसला आहे. तेवढ्यावरून ही पेटी अस्सल आहे असं सिद्ध होत नाही. बाबांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली आहे. तेवढं एक वाक्य पुरेल की ओळच काढून टाकू? बाबांना ती हवीच आहे, त्यांनी त्यासाठी दापोलीपर्यंत खेटे घातलेत, म्हणून काढायची झाली तर तूच त्यांना फोन करून सांग. माझं ऐकणार नाहीत.

आणि "कळावे लोभ असावा" राहू दे. ताईला ते जुनाट वाटतं, पण पत्राचा शेवट आजोबा तसाच करायचे, आणि आंब्याच्या पेटीत तो शोभतो.

मोबाइलच्या आकाराच्या कागदावर एका बाजूला मावेल एवढंच छापायचंय, म्हणजे आत्ताच्या मजकुराच्या साधारण अर्धं. जामसंड्याचा छापखानेवाला बुधवारी सकाळी मजकूर मागतोय. मंगळवारी रात्रीपर्यंत पाठवलंस तरी चालेल. तू सुधारलेलं जसंच्या तसं छापेन, फक्त आंबा कुठे पुल्लिंगी आणि कुठे नपुंसकलिंगी झाला ते एकदा बघेन.

काकांना नमस्कार सांग. तुझी पेटी पहिल्या काढणीतलीच आहे, एसटीच्या पार्सलने पाठवतो. ती उतरवून घ्यायला कोणाला तरी स्टँडवर पाठव, मागच्या वेळी दिवसभर तिथेच उन्हात पडून होती.

तुझा,
बाळू